काळी चारची दोन नावे

मानकोलीला मामाच्या घरी पेटी ओटीवरच असते. हायवेवरून नाशिककडे जाणारे कंटेनर आणि गोदामांकडे वळणाऱ्या गाड्या यांचा घरघराट दिवसभर चालू असतो, म्हणून मामा रियाजाला रात्री जेवणानंतर बसतात. गेली तीस-बत्तीस वर्षे ते गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी त्यांची भाची. पिआनो शिकले, आता शिकवते, आणि नोटेशन लिहून देण्याची कामे करते.

या खेपेला निमित्त हळदीच्या गाण्याचे होते. मंडळाचे गायक काळी एकमध्ये गातात. गाण्याला ब्रास बँडमधल्या ट्रम्पेटची साथ हवी होती, आणि ट्रम्पेटवाले दादा कागद वाचून वाजवणारे. मामांनी चाल वाजवली, मी ती माझ्या कीबोर्डवरून संगणकात घेतली आणि कागद छापला. दादांनी तो पाहिला आणि शांतपणे परत दिला. म्हणाले, "ताई, यात सूर आहेत, पण गाणं दिसत नाही." त्या रात्री ओटीवर मामांशी जे बोलणे झाले ते हे.

मामा : मी तुझा कागद समोर ठेवून एकेक पट्टी दाबून पाहिली. एकही चूक नाही. मग तो माणूस नाही का म्हणाला?

मी : पट्ट्या बरोबर आहेत, मामा. नावे चुकली आहेत. गाण्याचे सरळ सात सूर घ्या. सा काळी एकवर. कागदावर ते असे उतरले : सी शार्प, ई फ्लॅट, एफ, एफ शार्प, जी शार्प, बी फ्लॅट, सी, आणि मग वरचा सी शार्प.

मामा : मग? काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी एक. बरोबरच आहे.

मी : आता त्यातले शार्प आणि फ्लॅट बाजूला ठेवून नुसती अक्षरे वाचा. सी, ई, एफ, एफ, जी, बी, सी, सी. डी कुठे आहे? ए कुठे आहे? पाच रेषांच्या कागदावर प्रत्येक अक्षराला एक जागा असते, एक रेषेवर, पुढचे रेषांच्या मधल्या घरात. सरळ चढत जाणारी सरगम कागदावर शिडीसारखी दिसली पाहिजे, एकही पायरी न गाळता. इथे दोन पायऱ्या गायब आहेत आणि दोन पायऱ्यांवर दोनदा पाय पडतो. वाचणारा एकेक अक्षर वाचत नाही, तो शिडीचा आकार वाचतो. आकारच मोडला की त्याला प्रत्येक सुराला थांबावे लागते.

मामा : मग हे झाले कसे?

मी : माझ्या चुकीमुळे. कीबोर्ड संगणकाला फक्त पट्टीचा क्रमांक कळवतो. मधल्या पांढरी एकचा क्रमांक 60, तिच्या पुढच्या काळी चारचा 68. 68 म्हणजे जी शार्प की ए फ्लॅट, हे त्या क्रमांकात नसतेच. सा कुठे आहे ते मी आधी सांगायला हवे होते. ते राहिले, आणि संगणकाने प्रत्येक काळ्या पट्टीला सवयीचे एकेक नाव देऊन टाकले.

मामा : मला यात संगणकाचा दोष दिसत नाही, तुमच्या पद्धतीचा दिसतो. बाय, एक पट्टी, एक नाव. आमच्याकडे काळी चार म्हणजे काळी चार. कुणीही, कुठल्याही गावात सांगितले तरी बोट तिथेच पडते. एका पट्टीला दोन नावे दिलीत म्हणून हा घोळ झाला.

मी : काळी चार हा पत्ता झाला. सूर कोणता ते त्यात कुठे आहे? तुम्ही स्वतः त्या पट्टीला किती नावांनी हाक मारता ते मोजू या. सा पांढरी एकला धरला तर काळी चार कोण?

मामा : कोमल धैवत.

मी : सा पांढरी दोनला?

मामा : तीव्र मध्यम.

मी : पांढरी तीनला?

मामा : शुद्ध गंधार. काळी दोनला सा असेल तर शुद्ध मध्यम. पांढरी पाचला असेल तर कोमल रिषभ. आणि आपल्या गाण्यात पंचम. कळले तुला काय म्हणायचे आहे ते. पण ही नावे नात्याची आहेत. सा बदलला की नाते बदलते. शार्प-फ्लॅट तर तुम्ही पट्टीलाच चिकटवता.

मी : तिथेच गैरसमज होतो. शार्प-फ्लॅट पट्टीला चिकटलेले नसतात, तुमच्या सरगमेलाच चिकटलेले असतात. साला एक अक्षर द्यायचे. मग रे म्हणजे त्याच्या पुढचे अक्षर, ग म्हणजे तिसरे, म चौथे. रे कोमल असो की शुद्ध, अक्षर दुसरेच. म शुद्ध असो की तीव्र, अक्षर चौथेच. आधी अक्षर ठरते. मग त्या अक्षराची पांढरी पट्टी हव्या त्या सुराच्या खाली पडली तर शार्प लावून वर न्यायची, वर पडली तर फ्लॅट लावून खाली आणायची.

मामा : काळी चारवर करून दाखव.

मी : सा पांढरी दोन, म्हणजे डी. मध्यम चौथे अक्षर : डी, ई, एफ, जी. म्हणून तीव्र मध्यम जी शार्प. आता सा पांढरी एक, म्हणजे सी. धैवत सहावे अक्षर : सी, डी, ई, एफ, जी, ए. म्हणून कोमल धैवत ए फ्लॅट. पट्टी तीच. पहिल्यात ती मध्यमाच्या घरातली आहे, दुसऱ्यात धैवताच्या. तुम्ही कोमल धैवताला कधी 'तीव्र पंचम' म्हणता का?

मामा : नाही. पंचम अचल आहे, त्याला तीव्र कसे म्हणणार? आणि पंचम तर शेजारी उभाच आहे, त्याचे नाव दुसऱ्याला कसे द्यायचे?

मी : सी धरलेल्या गाण्यात काळी चारला जी शार्प म्हणणे म्हणजे तेच. भातखंड्यांनी दहा थाट मांडताना हीच अट घातली होती : थाटात सातही नावे हवीत आणि क्रमाने हवीत. ती नसती तर थाटाची शिडी झालीच नसती.

मामांनी पेटीवर पांढरी एकचा सा धरून पंचम आणि कोमल धैवत आलटून पालटून वाजवले. मग सा पांढरी दोनवर नेऊन तीच पट्टी तीव्र मध्यम म्हणून पंचमाकडे नेली. पहिल्या वेळी ती पट्टी खाली उतरू पाहत होती, दुसऱ्या वेळी वर चढू पाहत होती. ते काही बोलले नाहीत. कागद उचलून पुन्हा पाहू लागले.

मामा : बरे. आपल्या गाण्याचा सा काळी एक. त्याला अक्षर कोणते देणार? सी शार्प म्हण किंवा डी फ्लॅट म्हण, दोन्ही चालतील. इथे तुझे नाते काय ठरवते?

मी : इथे नाते काहीच ठरवत नाही. दोन्ही लिहून पाहावे लागते. सा म्हणजे सी शार्प धरला तर सरगम होते सी, डी, ई, एफ, जी, ए, बी, आणि सातही अक्षरांना शार्प लागतो. त्यात गंधार ई शार्प होतो, म्हणजे पांढरी चार.

मामा : पांढऱ्या पट्टीला शार्प?

मी : हो, कारण ती गंधार आहे आणि गंधाराचे अक्षर ई. एफ हे अक्षर मध्यमासाठी राखून ठेवलेले आहे. निषादही तसाच बी शार्प होतो, म्हणजे पांढरी एक. आता सा म्हणजे डी फ्लॅट धरा. डी, ई, जी, ए, बी या पाच अक्षरांना फ्लॅट, एफ आणि सी मोकळे. गंधार सरळ एफ, निषाद सरळ सी. शिडी दोन्हींत शाबूत राहते. एकीत सात चिन्हे, दुसरीत पाच.

मामा : म्हणजे सोयीचे ते घ्यायचे. मग मी वेगळे काय म्हणत होतो?

मी : तुमचे म्हणणे इथे खरे आहे, आणि ट्रम्पेटपाशी ते आणखी खरे होते. दादांचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा आहे. त्यांनी कागदावरचा सी वाजवला की बाहेर बी फ्लॅट येतो, म्हणजे काळी पाच. वाद्य एक पूर्ण स्वर खाली बोलते, म्हणून त्यांचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, आणि पहिल्या कागदात माझ्याकडून तेही राहिले होते. आपला सा सी शार्प धरला तर त्यांचा सा होतो डी शार्प. त्याची सरगम लिहून पाहा : डी शार्प, ई शार्प, मग गंधाराला एफ डबल शार्प, पुढे जी शार्प, ए शार्प, बी शार्प आणि निषादाला सी डबल शार्प. नऊ शार्प झाले.

मामा : हे कोण वाचणार?

मी : कुणी लिहीतही नाही. आपला सा डी फ्लॅट धरला तर दादांचा सा होतो ई फ्लॅट. बी, ई आणि ए, तीनच फ्लॅट. बँडवाल्यांच्या रोजच्या वाचनातली पट्टी आहे ती. तेच गाणे, तोच सूर, त्याच कळा. एका नावाने नऊ चिन्हे, दुसऱ्याने तीन.

मामा : मग नियम सांग. कुठे नाते आणि कुठे सोय?

मी : साचे नाव सोयीने ठरते. एकदा ते ठरले की बाकी सहा सुरांची नावे नात्याने ठरतात, तिथे सोय पाहायची नाही. माझ्या छापलेल्या कागदात उलटे झाले होते. प्रत्येक सुराला सोयीचे नाव मिळाले आणि सा कुणीच ठरवला नव्हता.

मामा : आणि गाण्याच्या मध्येच सोय बदलली तर?

मी : तसेही होते, आणि नेमके तुमच्या काळी चारवर. शोपँ नावाच्या पोलिश पिआनोकाराचे 1839 मध्ये छापले गेलेले चोवीस प्रिल्यूड आहेत. त्यातले पंधरावे 'पावसाचे थेंब' या नावाने ओळखले जाते. त्याचा सा काळी एकच आहे, डी फ्लॅट. त्यात पंचम थेंबासारखा एकसारखा वाजत राहतो, म्हणजे काळी चार, आणि लिहिलेला असतो ए फ्लॅट. मधल्या भागात सा तोच राहतो, पण गंधार, धैवत, निषाद कोमल होतात. डी फ्लॅटवरून ते लिहायचे तर आठ फ्लॅट लागतील, धैवताला डबल फ्लॅट. म्हणून शोपँने तिथे साचे नाव बदलून सी शार्प केले. चार शार्पांत काम भागले. थेंब त्याच पट्टीवर पडत राहतो, पण कागदावर तो आता जी शार्प आहे. पंचमाचा पंचमच राहिला, नाव तेवढे बदलले.

मामा : म्हणजे ऐकणाऱ्याला नाव बदललेले कळतच नाही.

मी : नाही कळत. वाजवणाऱ्यासाठी केलेली सोय आहे ती.

मामांनी पेटीचा भाता थांबवला. त्यांना अडलेले काहीतरी होते, ते त्यांच्या गळ्यातून बाहेर आले. त्यांनी जोगाची एक फिरत गायली, वर जाताना शुद्ध गंधार, उतरताना मध्यमावरून शुद्ध गंधार घेऊन मग कोमल गंधारावरून सावर.

मामा : जोगात दोन्ही गंधार आहेत. तुझ्या शिडीत एक अक्षर दोनदा येणार. मग इथे कोमल गंधाराला तीव्र रिषभ म्हणून डी का लिहायचा नाही? तसेही जोगात रिषभ नाही, डी रिकामाच आहे.

मी : मामा, दक्षिणेत हे खरोखर केलेले आहे. कर्नाटक संगीतात बाराच जागा आहेत, पण स्वरांची नावे सोळा. पांढरी एकचा सा धरला तर पांढरी दोन एका मेळात चतुःश्रुती रिषभ असते आणि दुसऱ्यात शुद्ध गांधार. काळी दोन कुठे साधारण गांधार असते, कुठे षट्श्रुती रिषभ. बहात्तर मेळांपैकी छत्तिसाव्या चलनाट मेळात काळी दोन आणि पांढरी तीन शेजारी शेजारी येतात. तिथे पहिल्याला रिषभ म्हणतात, दुसऱ्याला गांधार. बहात्तर मेळांची ही मांडणी सतराव्या शतकातल्या व्यंकटमखींची. तो मेळ मी पाच रेषांवर लिहिला तर काळी दोनला डी शार्प लिहीन.

मामा : आणि माझ्या जोगात?

मी : तुम्हाला तो सूर काय म्हणून शिकवला?

मामा : कोमल गंधार. तो गंधारातूनच उतरतो. शुद्ध गंधार घेऊन आवाज जरा झुकवायचा आणि सावर यायचे. त्याला रिषभ म्हटले तर मी तो तसा गाणारच नाही.

मी : मग मी तो ई फ्लॅट लिहिणार, एक अक्षर दोनदा आले तरी. शिडीचा नियम सुराच्या चालीपेक्षा मोठा नाही. डी शार्प वाचणारा सारंगीवाला किंवा व्हायोलिनवाला ते बोट वर ई कडे ढकलेल. ई फ्लॅट वाचणारा ते खाली झुकवेल.

मामा : पण पेटीवर ना ढकलता येते, ना झुकवता येते. पट्टी एकच, आतली पत्तीही एकच. मग शेवटी दोन नावे कागदावरच राहिली ना? आवाजात तर एकच आहे.

मी : आवाजात ती मुळात दोन होती. पेटीने एक केली. हे मोजून दाखवते. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. तो गंधार आणि सा यांचे माप पाचास चार असते. साची कंपने सेकंदाला 400 असली तर तो गंधार 500.

मामा : हो, तंबोऱ्यातला गंधार. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा चढा लागतो, हे माझे गुरूही सांगायचे.

मी : किती चढा आणि का, ते काळी चारवरून चालून पाहू. तिची कंपने सोयीसाठी 320 धरू, आणि तिलाच सा मानू. तिचा गंधार पांढरी एक, 400. आता तिला सा माना. तिचा गंधार पांढरी तीन, 500. तिला सा माना. तिचा गंधार कोण?

मामा : काळी चार. वरच्या सप्तकातली.

मी : 500 चा गंधार 625. पण 320 चा वरचा सा किती हवा?

मामा : दुप्पट. 640.

मी : तीन गंधार चढून आपण काळी चारवर पोहोचलो, पण 640 ला नाही, 625 ला. कान सांगतो की हे दोन सूर वेगळे आहेत. आता अक्षरे पाहा. आपण ए फ्लॅटवरून निघालो. त्याचा गंधार तिसरे अक्षर, सी. सीचा गंधार ई. ईचा गंधार जी, म्हणून जी शार्प. अक्षरेही ए वर परत आली नाहीत. ए फ्लॅट 640, जी शार्प 625. कागद आणि कान दोघे एकच सांगतात.

मामांनी बोटांवर हिशेब पुन्हा केला. मग पेटीवर तीन गंधार चढत गेले आणि वरच्या काळी चारवर थांबून खालची काळी चार दाबली. दोन्ही मिळून एकच सूर आला.

मामा : इथे मात्र मिळते.

मी : कारण प्रत्येक गंधार थोडा वर ताणलेला आहे. 320 चा 403, त्याचा 508, त्याचा 640. पंधरा कंपनांची ती फट तीन गंधारांत वाटून बुजवली आहे. पिआनोतही तेच. म्हणून तुमच्या गुरूंना पेटीचा गंधार चढा वाटायचा. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात काही वाद्यांना ही फट बुजवायची नव्हती. त्यांच्या काही काळ्या पट्ट्या मधून चिरलेल्या असत, जसे काळी चारचा पुढचा तुकडा जी शार्प आणि मागचा ए फ्लॅट, दोघांच्या नळ्या किंवा तारा वेगळ्या. लंडनच्या टेंपल चर्चच्या ऑर्गनला तशा चिरलेल्या पट्ट्या होत्या. आपल्याकडेही कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि पुढे क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी करवून घेतली. त्यांचा आक्षेप हाच होता, की बारा पट्ट्यांत सगळे सूर मावत नाहीत.

मामा : मग असे म्हण, की पट्टीला दोन नावे दिलेली नाहीत. दोन सुरांना एक पट्टी दिलेली आहे.

मी : हो, मामा. हेच.

मामा : पण एक माझेही लिहून ठेव. जी शार्प नेहमी खाली आणि ए फ्लॅट नेहमी वर, असेही धरू नकोस. हे तुझ्या गंधाराच्या मोजणीत झाले. गाताना तीव्र मध्यम पंचमाकडे ओढला की तो चढतो, आणि भैरवातला कोमल धैवत आंदोलनात खाली जातो. तेव्हा तुझा जी शार्प वर आणि ए फ्लॅट खाली होईल.

ते खरे होते, आणि मी ते तसेच लिहून ठेवले. नावावरून नेमकी उंची ठरत नाही. सूर कोणत्या घरातला आहे आणि कुणीकडे निघाला आहे, एवढेच नाव सांगते. उंची राग ठरवतो आणि गळा ठरवतो.

मग नवा कागद घेतला. सुरुवातीला तीन फ्लॅट काढले. मामा चाल गुणगुणत एकेक सरगम सांगत गेले, काळी-पांढरीचे नाव न घेता, आणि मी अक्षरे लिहीत गेले. सा म्हटले की ई, रे म्हटले की एफ, ग म्हटले की जी. दुसऱ्या ओळीपासून मला पट्ट्या आठवाव्याच लागल्या नाहीत, सरगम ऐकून हात आपोआप पुढच्या रेषेवर जात होता. अंतऱ्यात एका जागी मामा थांबले.

"इथे निषाद कोमल आहे," ते म्हणाले. "सातवे अक्षर कोणते तुझे?"

"डी."

"मग डीलाच फ्लॅट लाव. सी शार्प लिहू नकोस, सी तुझा धैवत आहे."

डी फ्लॅट लिहिला.